फ्रेंचच्या टीचरांना पत्र: डेल्फ ए-२ साठी झेपेल असा आराखडा कसा मागावा

गोव्यात आठवीपासून तिसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणारी मुलं पुष्कळ आहेत, आणि त्यातली काही शाळेबाहेर पणजीला वर्ग लावून डेल्फ या फ्रेंच भाषेच्या परीक्षेला बसतात. पालकांची अडचण ठरलेली असते. घरात फ्रेंच कुणालाच येत नाही, त्यामुळे मूल कुठवर आलंय ते कळत नाही. मग टीचरांना विचारायचं तर "पास होईल ना?" एवढाच प्रश्न सुचतो, आणि त्याला "होईल, अभ्यास केला तर" एवढंच उत्तर मिळतं. या उत्तरात काही चूक नाही. पण त्यावरून कोणत्या महिन्यात फॉर्म भरायचा ते ठरवता येत नाही.

टीचरांना असं पत्र लिहावं की उत्तरात तारीख, तास आणि गुण यावेत. ते कसं लिहायचं ते इथे एका उदाहरणासकट मांडलं आहे. उदाहरण डेल्फ ए-२ ज्युनिअरचं आहे, कारण ए-१ ही सुरुवातीची पातळी झालेल्या मुलाचे पालक "आता पुढची कधी?" म्हणून जी परीक्षा विचारतात ती हीच.

जवळ काय असावं

पत्र लिहायला बसण्यापूर्वी एवढं टेबलावर ठेवा:

- वर्गात आजवर झालेल्या तासांचा हिशेब (फीच्या पावत्यांवरून किंवा हजेरीवरून)
- गेल्या दोन महिन्यांत मुलाने फ्रेंचमध्ये स्वतः लिहिलेले तीन उतारे, टीचरांच्या लाल खुणांसकट
- सराव परीक्षा झाली असेल तर तिचे चारही भागांचे वेगवेगळे गुण
- शाळेचं वर्षाचं वेळापत्रक, चाचण्या आणि सुट्ट्यांसह
- परीक्षा केंद्राने जाहीर केलेल्या परीक्षेच्या आणि नोंदणीच्या तारखा
- मुलाचं ओळखपत्र, म्हणजे पासपोर्ट किंवा आधार

परीक्षेच्या आणि नोंदणीच्या तारखा टीचरांकडे मागू नका. त्या केंद्राच्या कार्यालयातून स्वतः आणा. टीचरांना आठवणीतून तारीख सांगावी लागली की घोटाळ्याला तिथेच सुरुवात होते.

१. परीक्षा नेमकी काय मागते ते आधी समजून घ्या

ए-२ ची परीक्षा चार भागांची आहे आणि प्रत्येक भागाला २५ गुण आहेत. ऐकण्याचा भाग साधारण २५ मिनिटांचा, वाचनाचा ३० मिनिटांचा, लेखनाचा ४५ मिनिटांचा. बोलण्याचा भाग ६ ते ८ मिनिटांचा असतो, आणि त्याआधी तयारीला १० मिनिटं मिळतात. उत्तीर्ण व्हायला एकूण १०० पैकी ५० गुण लागतात, आणि कोणत्याही भागात ५ पेक्षा कमी गुण चालत नाहीत.

या नियमांचे दोन परिणाम पालकांनी लक्षात ठेवावेत. पहिला असा की एका भागातले जास्तीचे गुण दुसऱ्या भागाची उणीव भरून काढतात. वाचनात १९ मिळवणारं मूल ऐकण्यात ९ मिळवूनही तरून जाऊ शकतं. दुसरा असा की नापास झाल्यास एखादाच भाग पुन्हा देता येत नाही, चारही भाग नव्याने द्यावे लागतात. म्हणून "बघू, बसू दे एकदा" म्हणत फॉर्म भरणं इथे महागात पडतं.

ज्युनिअर आणि प्रौढांची परीक्षा यांत पातळी एकच आणि पदविकेचं मोलही एकच. ज्युनिअरचे विषय शाळा, मित्र, सुट्टी, खेळ असे मुलांच्या जगातले असतात. शाळेतल्या मुलाला ज्युनिअरलाच बसवा. ही पदविका आयुष्यभर चालते, त्यामुळे सहा महिने उशिरा मिळाल्याने काही बिघडत नाही. घाई नेमकी कशाची आहे हे पत्रात लिहिताना हे ध्यानात असू द्या.

२. तासांचा हिशेब घरीच मांडा

ए-१ ला साधारण ६० ते १०० तासांचं शिकवणं लागतं, आणि अगदी सुरुवातीपासून ए-२ पर्यंत पोचायला १६० ते २०० तास, असा सर्वसाधारण अंदाज धरतात. हे वर्गातले तास आहेत. घरचा अभ्यास त्यात मिळवू नका. घरी अभ्यास झाला नाही तर वर्गातले तास पूर्ण भरत नाहीत, एवढाच त्याचा संबंध.

आता उदाहरण घेऊ. फोंड्याची नववीतली मुलगी. ए-१ झाली आहे, जूनच्या मध्यापर्यंत वर्गातले एकूण १०० तास झाले आहेत. वर्ग पणजीला, दर शनिवारी संध्याकाळी २ तास. दहावी डोक्यावर येण्याआधी, म्हणजे डिसेंबरात, परीक्षा व्हावी अशी आई-बाबांची इच्छा. केंद्राने डिसेंबर आणि पुढच्या जूनच्या तारखा दिल्या आहेत असं धरू.

जूनच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत २६ आठवडे होतात. कागदावर ते ५२ तास दिसतात. पण चतुर्थीचे दोन आठवडे गेले. गोव्यात त्या दिवसांत घरात पाहुणे, माटोळी, नेवऱ्या आणि गावची वाट, त्यामुळे पुस्तक उघडलं जात नाही आणि ते उघडलं जाईल असं धरूही नये. शाळेच्या सहामाही परीक्षेचे तयारीसकट तीन आठवडे गेले. दिवाळीचा एक गेला. उरले २० आठवडे, म्हणजे ४० तास. १०० अधिक ४० म्हणजे १४०. कमीत कमी १६० लागतात, तेव्हा २० तास कमी पडतात.

आता जूनचा हिशेब. डिसेंबरच्या मध्यापासून मेअखेरपर्यंत २४ आठवडे. नाताळचा एक, वार्षिक परीक्षेचे तीन, शिगम्याचा एक आणि घरातल्या एखाद्या लग्नाचा एक असे सहा वजा केले तर १८ आठवडे, म्हणजे ३६ तास. एकूण १७६. म्हणजे जूनची परीक्षा आवाक्यात येते. डिसेंबर हवाच असेल तर दर आठवड्याला एक जादा तास लागेल: २० आठवड्यांचे २० तास, आणि एकूण नेमके १६०. त्यात एकही वर्ग बुडायला वाव नाही.

हा हिशेब घरी करून मगच पत्र लिहिलं की टीचरांना थेट दोन पर्यायांवर मत देता येतं. त्यांच्याकडे असे वीस-पंचवीस पालक येतात. प्रत्येकाचं कॅलेंडर त्यांनी मांडत बसावं ही अपेक्षा योग्य नाही. तुमच्या घरचं लग्न कधी आहे ते त्यांना माहीतही नसतं.

प्रवासाचे तास हिशेबात लिहायला विसरू नका. फोंडा ते पणजी अंतर तीसेक किलोमीटर. कदंब बसने एका बाजूला तास धरला आणि पावसात थोडा जास्त, तर २ तासांच्या वर्गासाठी शनिवारचे चार-साडेचार तास जातात. म्हणूनच "बुधवारीही येईल" हे वाक्य पत्रात लिहू नका. महिनाभर मुलगी येते, मग थकते, आणि नंतर शनिवारचा वर्गसुद्धा बुडू लागतो. आठवड्याच्या मधला जादा तास ऑनलाइन होईल का, हे विचारणं जास्त खरं.

३. चार भागांचे गुण वेगवेगळे मागा

एकूण गुणांवरून आराखडा होत नाही. सराव परीक्षा झाली नसेल तर पत्रातली पहिली विनंती तीच असावी: वेळ लावून एक पूर्ण सराव परीक्षा घ्या आणि चार आकडे द्या.

आपल्या उदाहरणातल्या मुलीचे गुण असे धरू: ऐकणं ८, वाचन १८, लेखन १०, बोलणं ११. एकूण ४७. तीन गुणांनी हुकलं, म्हणून पालक म्हणतात, "थोडंच कमी आहे, डिसेंबरात होईल." सरावात नेमके ५० मिळवणारं मूलही परीक्षेत धोक्यातच असतं, कारण अनोळखी परीक्षकासमोर दोन-तीन गुण सहज गळतात. सरावात सलग दोनदा ६० च्या आसपास येईपर्यंत फॉर्म भरू नये, हे माझं ठाम मत आहे.

मग ४७ वरून ६० कसं गाठायचं? वाचनात १८ आहेत, तिथे अजून राबून फार तर एक-दोन वाढतील. ऐकण्यात ८ वरून १३, लेखनात १० वरून १४, बोलण्यात ११ वरून १४ झाले तर एकूण ५९ होतात. तेव्हा वेळ या तीन भागांवर घालवायला हवा. पण घरी मूल नेमकं उलट करतं. येतं ते करायला बरं वाटतं म्हणून वाचनाचे उतारे सोडवत बसतं, आणि वही भरलेली पाहून पालक खूश होतात.

४. गुण कुठे गळतात त्याची उदाहरणं जोडा

हा भाग पालकांना अवघड वाटतो, पण फ्रेंच येत नसतानाही तो करता येतो.

ऐकण्यात आपली मुलं मुख्यतः आकड्यांवर आणि मुक्या अक्षरांवर अडखळतात. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे 'साठ-दहा', ऐंशी म्हणजे 'चार-वीस' आणि नव्वद म्हणजे 'चार-वीस-दहा'. वस्तूची किंमत ऐकताना 'साठ' कानावर पडलं की मूल ६० लिहून टाकतं, आणि पुढचं 'पंधरा' निसटतं. खरी किंमत ७५ असते. दुसरी गोष्ट अशी की क्रियापदाची शेवटची अक्षरं लिहिली जातात पण उच्चारली जात नाहीत. 'तू बोलतोस' आणि 'ते बोलतात' यांतली क्रियापदं कानाला एकसारखी लागतात, फरक फक्त आधीच्या सर्वनामात असतो. वहीत फ्रेंच शब्दांखाली देवनागरीत उच्चार लिहिण्याची सवय असेल तर ती पत्रात जरूर सांगा. ए-१ मध्ये त्या सवयीचा आधार होतो. ए-२ मध्ये ती अडवते, कारण शब्द एकमेकांना जोडून बोलले की देवनागरीत पाठ केलेला सुटा शब्द ओळखू येत नाही. आपल्याकडे कोकणी बोलणाऱ्या मुलांना नाकातले स्वर मात्र सहज जमतात, तेवढी जमेची बाजू.

लेखनात दोन प्रश्न असतात. एकात एखादा प्रसंग किंवा अनुभव लिहायचा, दुसऱ्यात निमंत्रणाला उत्तर, आभार किंवा माफी असं काही. दोन्हींत कमीत कमी ६० शब्द हवेत. जोडलेले तीन उतारे काढा आणि शब्द मोजा. मोजताना दोन मोकळ्या जागांमधलं जे असेल तो एक शब्द. वरच्या स्वल्पविरामासारख्या खुणेने जोडलेले शब्द एकच धरतात. मूल ४०-४५ शब्दांवर थांबत असेल तर ते तुम्हालाही दिसेल. मग भूतकाळ बघा. प्रसंग सांगायला दोन भूतकाळ लागतात: घडून गेलेल्या घटनेचा एक, आणि तेव्हाच्या परिस्थितीचा दुसरा, म्हणजे 'पाऊस पडत होता, आम्ही निघालो' यातल्या दोन क्रियापदांसारखा. लाल खुणा क्रियापदांवरच दाटलेल्या असतील तर कमी पडतंय ते हेच. शब्दसंग्रह वाढवल्याने ते सुटत नाही.

बोलण्याच्या भागात आधी ओळखीची प्रश्नोत्तरं असतात, मग दिलेल्या विषयावर साधारण दोन मिनिटं एकट्याने बोलायचं, आणि शेवटी परीक्षकासोबत प्रसंग वठवायचा, उदाहरणार्थ दुकानात खरेदी किंवा मित्रासोबत सुट्टीचा बेत. घरी फोनवर घड्याळ लावा आणि "तुझ्या खोलीबद्दल बोल" म्हणून रेकॉर्ड करा. कितव्या सेकंदाला मूल थांबलं तेवढंच लिहून घ्या. "३५ सेकंदांनंतर थांबते" हे वाक्य टीचरांना "बोलायला लाजते" यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं.

५. मुलाला आधी विचारा, आणि त्याचं म्हणणं त्याच्याच शब्दांत लिहा

चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल त्याच्या पाठीमागे पत्र गेलं की आराखडा पहिल्याच आठवड्यात कोसळतो. दोनच प्रश्न विचारा: आठवड्यात किती दिवस, किती मिनिटं घरी बसशील? आणि कोणत्या भागाची भीती वाटते? जे उत्तर येईल ते तसंच लिहा, वाढवून नको. "चार दिवस, पंचवीस मिनिटं" असं मुलगी म्हणाली तर पत्रात "रोज एक तास" लिहू नये. टीचर गृहपाठ त्या आकड्यावर देतात. आकडा खोटा निघाला की गृहपाठ साचतो, आणि साचलेल्या गृहपाठाच्या लाजेने मूल वर्ग चुकवतं.

६. पत्र लिहा

एका पानात मावेल एवढंच. ईमेलने किंवा हातात द्या. व्हॉट्सॲपवर तुकड्यांत पाठवू नका, कारण दोन महिन्यांनी तेच पत्र पुन्हा उघडून बघायचं आहे. टीचर मराठी वाचत नसतील तर हेच इंग्रजीत लिहा, क्रम तोच ठेवा. नमुना असा:

> आदरणीय टीचर,
>
> सादर नमस्कार.
>
> मी आपल्या शनिवारच्या वर्गातील (मुलीचं नाव) हिची आई. ती नववीत आहे. तिची ए-१ झाली आहे आणि आतापर्यंत वर्गाचे सुमारे १०० तास झाले आहेत. तिने डेल्फ ए-२ ज्युनिअर कधी द्यावी याबद्दल आपला सल्ला हवा आहे.
>
> केंद्राकडून डिसेंबर आणि जून अशा दोन तारखा कळल्या आहेत. सुट्ट्या आणि शाळेच्या परीक्षा वगळून आम्ही आठवडे मोजले. डिसेंबरपर्यंत वर्गाचे ४० तास मिळतील, जूनपर्यंत ७६. आम्हाला डिसेंबर बरा वाटत होता, कारण पुढे दहावी आहे. पण तास कमी पडतात असं दिसतं. तिच्या तयारीच्या दृष्टीने जून योग्य असेल तर आमची काहीच हरकत नाही.
>
> मागच्या सराव परीक्षेत तिला ऐकण्यात ८, वाचनात १८, लेखनात १० आणि बोलण्यात ११ गुण होते. तिचे तीन उतारे सोबत जोडले आहेत. ती ४५ शब्दांच्या आसपास थांबते. घरी एका विषयावर बोलायला सांगितलं तर ३५ सेकंदांनंतर अडते. वहीत ती उच्चार देवनागरीत लिहिते.
>
> तिच्याशी बोललो. ती म्हणते, "आठवड्यात चार दिवस पंचवीस मिनिटं नक्की बसेन. ऐकण्याची भीती वाटते, कारण पुन्हा विचारता येत नाही."
>
> फोंड्याहून आठवड्यात दुसऱ्यांदा पणजीला येणं तिला झेपणार नाही. ऑनलाइन एक तास शक्य असेल तर त्याची फी आणि पद्धत कळवावी. संस्थेच्या नियमात ते बसत नसेल तर तसं निःसंकोच सांगावं.
>
> आपल्याकडून चार गोष्टी कळाव्यात अशी विनंती आहे:
> १. डिसेंबर की जून, आणि तसं का.
> २. चार भागांपैकी कोणत्या दोन भागांवर आधी भर द्यावा.
> ३. घरच्या चार बैठकांत तिने काय करावं.
> ४. पुढची पूर्ण सराव परीक्षा कधी, आणि तिच्यात किती गुण आले तर फॉर्म भरावा.
>
> आम्हाला घरी फ्रेंच येत नाही. वेळ लावणं, रेकॉर्ड करणं, शब्द मोजणं एवढं आम्ही करू. उत्तराची घाई नाही, पुढच्या शनिवारी वर्गानंतर दहा मिनिटं भेटलात तरी चालेल.
>
> आपली नम्र,
> (नाव, फोन)

"आमची काहीच हरकत नाही" हे वाक्य मुद्दाम घातलं आहे. पालकांना डिसेंबरच हवाय असं वाटलं तर बऱ्याच टीचर भिडेखातर डिसेंबर म्हणतात. "नाही" म्हणायची वाट पत्रातच मोकळी ठेवली की खरं मत येतं. त्याच कारणासाठी तिच्याच वर्गातल्या दुसऱ्या मुलाची तुलना, "तिच्या मावसबहिणीने सहा महिन्यांत केलं" असं काही, पत्रात नको. आणि हमी मागू नका. फॉर्म कोणत्या गुणांवर भरायचा हे चौथ्या प्रश्नात विचारलंच आहे.

खासगी शिकवणीचा विषय सरळ विचारा, पण नियमाचा उल्लेख करूनच. काही संस्थांत शिक्षकांना आपल्याच विद्यार्थ्यांची खासगी शिकवणी घेता येत नाही. आडून विचारलं तर त्यांची अडचण होते.

७. उत्तर आल्यावर ते कसं वाचायचं

चांगल्या उत्तरात एक तारीख असते, दोन भागांची नावं असतात आणि घरच्या कामाचं माप असतं. या उदाहरणात टीचरांनी जून सांगितला आणि ऐकणं-लेखन आधी घ्यायला सांगितलं, तर घरच्या चार बैठका साधारण अशा बसतील:

- दोन बैठका ऐकण्याच्या. एक-दोन मिनिटांचा ध्वनी, आधी प्रश्न वाचायचे, मग परीक्षेसारखा दोनदाच ऐकायचा, आणि त्यानंतर लिखित मजकूर समोर ठेवून तिसऱ्यांदा. खालच्या पाट्या लावून व्हिडिओ बघणं यात धरू नका, ते वाचनच आहे.
- एक बैठक लेखनाची. एक प्रश्न, २० मिनिटं, ६० ते ७० शब्द. शब्दसंख्या पालकांनी मोजून वहीच्या कोपऱ्यात लिहायची.
- एक बैठक बोलण्याची. पाच मिनिटं तयारी, दोन मिनिटं रेकॉर्डिंग, स्वतः ऐकणं, आणि लगेच तेच पुन्हा एकदा.

उत्तरात रोजचं तीस-चाळीस मिनिटांचं काम आलं तर मुलीने सांगितलेला आकडा टीचरांना पुन्हा दाखवा आणि त्यातलं कोणतं कमी करावं ते विचारा. स्वतः कापू नका, कारण पालक कापतात ते बहुधा ऐकणं असतं, घरात आवाज होतो म्हणून. "सगळ्याचाच सराव करा" असं उत्तर आलं तर रागावू नका. पुढच्या शनिवारी दोन नंबरचा प्रश्न तेवढा तोंडी पुन्हा विचारा.

८. आठ आठवड्यांनी एकदाच तपासा

मधे दर आठवड्याला "कशी चाललीय?" विचारू नका. आठ आठवड्यांनी दुसरी पूर्ण सराव परीक्षा होईल तेव्हा चारच आकडे आधीच्या आकड्यांशेजारी मांडा. ऐकणं ८ वरून १० वर आलं असेल तर गाडी रुळावर आहे. ते ८ वरच असेल पण बैठका झाल्या असतील, तर निवडलेले ध्वनी कठीण असण्याची शक्यता मोठी, आणि एक पायरी खालचं साहित्य द्या असं टीचरांना कळवायचं. बैठकाच झाल्या नसतील तर आराखड्याला दोष देऊ नका. चारच्या तीन करा.

एखाद्या भागात गुण कमी झालेले दिसले तरी घाबरण्याचं कारण नाही. लेखनात नवा भूतकाळ शिकल्यावर तीन-चार आठवडे चुका वाढतात, कारण मूल आता तो वापरून बघतं. आधी ते वाक्यं टाळत होतं म्हणून कमी चुका दिसत होत्या.

९. फॉर्म भरताना नावाची चूक टाळा

गोव्यात ही चूक सहज होते. एकाच घरात आडनाव दोन प्रकारे लिहिलेलं असतं, एक पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावरून आलेलं आणि एक शाळेच्या दाखल्यावरचं. वडिलांचं नाव मधे असतं किंवा नसतं. पदविकेवर नाव छापलं जातं ते फॉर्मप्रमाणे. पुढे ती पदविका परदेशी विद्यापीठात पासपोर्टसोबत दाखवायची वेळ येते, म्हणून पासपोर्ट असेल तर त्यातलं स्पेलिंग अक्षरन् अक्षर उतरवा. जन्मतारखेत दिवस आणि महिना उलटसुलट झालेला नाही ना, तेही बघा. ए-१ आधी दिली असेल तर तिच्या निकालपत्रावरचा उमेदवार क्रमांक नव्या फॉर्ममध्ये द्या. नाहीतर एकाच मुलीच्या दोन नोंदी होतात.

फी भरण्यापूर्वी परताव्याचा आणि तारीख पुढे ढकलण्याचा नियम केंद्रात वाचून घ्या. बोलण्याची परीक्षा काही वेळा वेगळ्या दिवशी ठेवतात, ती शाळेच्या चाचणीवर तर येत नाही ना ते त्याच भेटीत विचारा. नोंदणीची शेवटची तारीख कळली की तिच्या दहा दिवस आधीच्या शनिवारी टीचरांशी ठरलेली दहा मिनिटं ठेवा. त्या दिवशी दोन सराव परीक्षांचे आकडे समोर असू द्या. दोन्ही वेळा ६० च्या आसपास असतील तर सोमवारी फॉर्म भरा, आणि नसतील तर पुढच्या सत्राची तारीख कॅलेंडरवर लिहून शनिवारचा वर्ग आहे तसा चालू ठेवा.